पाचव्या महिन्याची मोठी सोनोग्राफी: ‘पुन्हा या’ का सांगतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी रत्नागिरीत सोनोग्राफी करते. गुहागर, लांजा, राजापूर, संगमेश्वर इथून बायका येतात, आणि गणपती किंवा मे महिना असला की मुंबईहून माहेरी आलेल्याही. या मोठ्या सोनोग्राफीचा, म्हणजे ॲनोमली स्कॅनचा, रिपोर्ट हातात पडला की त्या रात्री व्हॉट्सॲपवर जे प्रश्न येतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्न रिपोर्टच्या शेवटच्या दोन ओळींवर असतात: ‘फेरतपासणी करावी’ किंवा ‘तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा’. म्हणून त्याच ओळींवर मी जास्त लिहिलं आहे.

१. ही सोनोग्राफी नक्की कितव्या आठवड्यात करायची? ‘पाचवा महिना’ म्हणजे कधी?

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलेले १८ ते २२ आठवडे. आमच्याकडे मी शक्यतो १९ वा किंवा २० वा आठवडा देते. १८ आठवड्यांच्या आधी हृदय फार लहान असतं, मोठ्या रक्तवाहिन्या नीट सुटून दिसत नाहीत. फार उशीर केला तर हाडं घट्ट होतात आणि त्यांच्या सावलीत आतले अवयव लपतात. शिवाय काही सापडलं, तर पुढच्या तपासण्यांना दिवस उरले पाहिजेत. पाळीची तारीख आठवत नसेल किंवा पाळी अनियमित असेल, तर पहिल्या तीन महिन्यांत केलेली सोनोग्राफी घेऊन या. बाळाचं वय ठरवायला तिच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही.

२. अर्धा-पाऊण तास पोटावर यंत्र फिरवता, तेवढ्या वेळात बघता तरी काय?

डोक्यापासून पायापर्यंत. आधी कवटीचा आकार आणि मेंदू. मेंदूच्या दोन्ही बाजूंना पाण्याच्या पोकळ्या असतात, त्यांची रुंदी मोजतो. मागच्या बाजूचा लहान मेंदू आणि मानेमागच्या कातडीची जाडी बघतो. मग डोळ्यांच्या खोबण्या, नाकाचं हाड, वरचा ओठ. त्यानंतर पाठीचा कणा मानेपासून माकडहाडापर्यंत, एकेक मणका आणि त्यावरची कातडी. छातीत हृदय, फुप्फुसं आणि पोट-छाती वेगळी ठेवणारा पडदा. पोटात जठर, दोन्ही किडन्या, मूत्राशय, आतडी आणि नाळ जिथे पोटाला जोडते ती जागा. हातापायांची लांब हाडं, तळवे, पावलं. शेवटी बाळाबाहेरच्या गोष्टी: वार कुठे आहे, नाळेत तीन रक्तवाहिन्या आहेत का, पाणी किती आहे, गर्भाशयाच्या तोंडाची लांबी किती आहे.

यात एक गोष्ट बायकांना नेहमी नवल वाटते. पाठीच्या कण्याला उघडी फट असेल, तर तिची पहिली खूण बहुतेकदा आम्हाला डोक्यात मिळते. फटीतून पाणी गळतं, मेंदूचा मागचा भाग खाली ओढला जातो, लहान मेंदू केळ्यासारखा वाकतो आणि कवटी पुढून लिंबासारखी चिमटल्यासारखी दिसते. म्हणून डोक्यावर जास्त वेळ गेला म्हणजे डोक्यात काही बिघाड दिसला असं समजू नका. आम्ही पाठीची चौकशी तिथूनच करत असतो.

३. हृदयाचे चार कप्पे दिसले, ठोकेही चांगले आहेत. मग ‘रक्तवाहिन्या नीट दिसल्या नाहीत’ म्हणून परत का बोलावता?

माझ्या मते या पानावरचा हाच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

हृदयातून दोन मोठ्या वाहिन्या निघतात. एक अंगभर रक्त नेते, दुसरी फुप्फुसांकडे. निघताना त्या एकमेकींना ओलांडून जातात. काही बाळांमध्ये त्यांची अदलाबदल झालेली असते: दोघी चुकीच्या कप्प्यातून निघतात आणि एकमेकींना न ओलांडता शेजारी-शेजारी समांतर जातात. अशा बाळाचे चारही कप्पे अगदी ठीक दिसू शकतात आणि ठोकेही उत्तम असतात. पोटात असताना बाळाला त्रासही होत नाही, कारण त्याला प्राणवायू वारेतून मिळतो आणि दोन वाहिन्यांना जोडणारी एक लहानशी वाट तेव्हा उघडी असते. जन्मानंतर ती वाट काही तासांत किंवा दिवसांत मिटायला लागते. मग बाळ निळं पडतं.

हे आधी कळलं असेल, तर प्रसूती मोठ्या हृदय-केंद्राजवळ ठरवता येते. ती वाट उघडी ठेवणारं औषध जन्मल्याबरोबर सुरू करता येतं आणि पहिल्या काही आठवड्यांत शस्त्रक्रिया करून वाहिन्या जागेवर आणता येतात. कळलं नसेल, तर तेच बाळ तालुक्याच्या दवाखान्यात जन्मतं आणि निळं पडल्यावर त्याला घेऊन पावसात घाट चढावा लागतो. मुंबई-पुण्यात हा फरक अर्ध्या तासाचा असेल, कोकणात तो सहा-सात तासांचा होतो. म्हणून वाहिन्या दिसल्या नाहीत तर मी ‘बहुतेक ठीकच असतील’ असं कधीच लिहीत नाही. दिसल्या नाहीत असंच लिहिते आणि परत बोलावते.

४. ‘नीट दिसलं नाही’ म्हणजे दोष आहे, पण डॉक्टर सांगत नाहीत, असंच ना?

नाही. रिपोर्टमधल्या तीन वाक्यांचे तीन वेगळे अर्थ आहेत. ‘दिसलं, ठीक आहे’, ‘दिसलं, वेगळं आहे’ आणि ‘दिसलंच नाही’. तिसरं वाक्य दुसऱ्याचं सौम्य रूप नव्हे. बाळ पालथं असेल आणि पाठ वर केलेली असेल, तर कणा आणि बरगड्यांच्या सावलीत हृदय झाकतं. हात चेहऱ्यावर घट्ट धरला असेल तर ओठ दिसत नाही. आईच्या पोटावर चरबी जास्त असेल किंवा आधीच्या सिझेरियनचा व्रण असेल, तर ध्वनिलहरी आत पोचेपर्यंत कमकुवत होतात.

अशा वेळी आम्ही कुशीवर वळायला सांगतो, जरा फिरून यायला सांगतो, अर्ध्या तासाने पुन्हा बघतो. तरीही बाळ हललं नाही, तर एक ते दोन आठवड्यांनी परत बोलावतो. पुढच्या खेपेला बहुतेक जणींचं काम दहा मिनिटांत होतं. दुसऱ्यांदाही तोच भाग दिसला नाही, तर मात्र तिसरी वेळ माझ्याकडे नको, तज्ज्ञांकडे जा (प्रश्न ९).

५. ‘किडनीत पाणी, ५ मिलिमीटर’ लिहिलंय. किडनी खराब आहे का?

एका बाईची गोष्ट सांगते. नेहमी येणाऱ्या दोन-तीन जणींची मिळून ती केली आहे, म्हणजे कुणाची ओळख उघड होणार नाही.

गुहागर तालुक्यातली मुलगी, पहिलं बाळंतपण, १९ आठवडे २ दिवस. बाळ पालथं. डोकं, पाठ, हातपाय ठीक, हृदयाचे चार कप्पे ठीक, वाहिन्या दिसल्या नाहीत. डाव्या किडनीच्या मधल्या पिशवीत, जिथे लघवी गोळा होऊन खाली उतरते तिथे, ५.१ मिमी पाणी. उजवीकडे ३.२. या वयात ४ मिमीपर्यंत आम्ही सामान्य धरतो. म्हणून रिपोर्टवर दोन गोष्टी आल्या: हृदय पुन्हा बघायचं आणि डावी किडनी पुन्हा बघायची. नवरा मुंबईत, तो फोनवर विचारत होता, “दोष आहे की नाही तेवढं सांगा.” सासूबाई बाहेर बसल्या होत्या. त्या आत येऊन म्हणाल्या, “बाळाचा सगळा बरा आसा मां?” त्या मूळच्या सावंतवाडीच्या.

मी त्यांना सांगितलं की या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ठेवा. हृदयाचा निकाल लागलेलाच नाही. किडनीचा लागलाय, पण तो आकडा आज काही ठरवत नाही, पुढे वाढतो की उतरतो त्यावरून ठरेल.

२१ आठवडे १ दिवस झाल्यावर ती परत आली. बाळ उताणं झालं होतं. दोन्ही वाहिन्या निघताना एकमेकींना ओलांडताना स्वच्छ दिसल्या. हृदयाचा विषय तिथे संपला. डावी किडनी ५ मिमीवरच होती. किडनीसाठी दोन-दोन आठवड्यांनी बोलावण्यात अर्थ नसतो, म्हणून पुढची तारीख थेट ३२ व्या आठवड्याची दिली.

३२ व्या आठवड्यात डावीकडे ८.२ मिमी. या वयात मर्यादा ७ मिमीची आहे, म्हणजे पाणी थोडं जास्तच. आता आकड्यापेक्षा बाकीच्या खुणा महत्त्वाच्या. पिशवीच्या आतल्या फांद्या फुगल्या आहेत का? नव्हत्या. किडनीचा गर पातळ झालाय का? नव्हता. मूत्रनळी दिसतेय का? सामान्यपणे ती दिसत नाही, इथेही दिसली नाही. मूत्राशय भरून रिकामं होत होतं, बाळाभोवतीचं पाणी पुरेसं होतं. यातलं एक जरी बिघडलेलं असतं, तर मी तिला लगेच लहान मुलांच्या सर्जनशी बोलायला पाठवलं असतं. तसं काही नव्हतं, म्हणून प्रसूती ठरलेल्या दवाखान्यातच झाली.

जन्मानंतर बाळाची सोनोग्राफी पाचव्या दिवशी केली. पहिल्या दोन दिवसांत करायची नाही, हे लक्षात ठेवा. तेव्हा बाळाला लघवी कमी होते, त्यामुळे फुगलेली पिशवीही रिकामी दिसते आणि खोटा दिलासा मिळतो. पाचव्या दिवशी ६ मिमी होतं. दोन महिन्यांनी पुन्हा बघितलं तेव्हा सामान्य.

सगळ्यांचं असंच सुटत नाही. काहींच्या किडनीच्या तोंडाशी अडथळा निघतो, काहींची लघवी मूत्राशयातून उलटी वर जाते. पण ती बाळंही वेळेवर सापडतात ती या रटाळ वाटणाऱ्या फेरतपासण्यांमुळेच. माझी खरी तक्रार एकच आहे: बाळ गुटगुटीत दिसलं की जन्मानंतरची सोनोग्राफी लोक सोडून देतात. कृपा करून सोडू नका.

६. मेंदूतल्या पाण्याची पोकळी १०.६ लिहिली आहे. इंटरनेटवर वाचून झोप उडाली.

मर्यादा १० मिमीची आहे, आणि ती पाचव्या महिन्यापासून नवव्यापर्यंत तीच राहते. १० ते १२ म्हणजे सौम्य, १५ च्या वर म्हणजे गंभीर. पण १०.६ वर घाबरण्याआधी माप बरोबर घेतलं का ते बघावं लागतं. छेद थोडा तिरका गेला, तरी पोकळी प्रत्यक्षापेक्षा रुंद दिसते. काकडी आडवी कापली तर चकती गोल येते आणि तिरपी कापली तर लांबट, तसंच ते. म्हणून पहिलं काम म्हणजे दुसऱ्या अनुभवी व्यक्तीकडून पुन्हा माप.

माप खरंच १० च्या वर निघालं, तर हे एकटंच आहे का, हा प्रश्न येतो. मेंदूचा बाकी भाग आणि बाळाचे बाकी अवयव बारकाईने तपासतात, आईच्या रक्तात काही संसर्गांच्या खुणा शोधतात, आणि गर्भजल काढून गुणसूत्रांची तपासणी करायची का यावर बोलतात. दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा मोजतात. पोकळी सौम्य, एकटीच आणि न वाढणारी असेल, तर बहुसंख्य बाळांची वाढ पुढे चांगली होते. ती वाढत गेली किंवा सोबत आणखी काही निघालं, तर चित्र वेगळं. हे काम पहिल्या सोनोग्राफीत पुरं होऊच शकत नाही.

७. ‘हृदयात पांढरा ठिपका’, ‘मेंदूत छोटी सिस्ट’. हे काय?

ठिपका हा हृदयातल्या एका स्नायूवरचा चकाकणारा बिंदू असतो, त्याने हृदयाच्या कामात काहीही अडत नाही. मेंदूतल्या त्या सिस्ट बहुतेक सातव्या महिन्यापर्यंत आपोआप जिरतात. या दोन्हींकडे आम्ही फक्त गुणसूत्रांच्या आजारांची हलकी खूण म्हणून बघतो. डबल मार्कर किंवा एनआयपीटी या आईच्या रक्तावरून गुणसूत्रांची शंका तपासणाऱ्या चाचणीचा अहवाल चांगला असेल आणि बाकी बाळ ठीक असेल, तर एकट्या ठिपक्यासाठी काही करावं लागत नाही. म्हणून तिसऱ्या महिन्यातले कागद सोबत आणा. ते नसले, तर उगाच काळजीचं वाक्य लिहावं लागतं.

सगळ्या खुणा मात्र सारख्या हलक्या नसतात. मानेमागची कातडी ६ मिमी किंवा जास्त जाड असणं, नाकाचं हाड न दिसणं, आतडी हाडाइतकी पांढरी दिसणं या खुणांचं वजन जास्त आहे. त्यांसाठी तज्ज्ञांकडे जायलाच हवं.

८. वार खाली आहे म्हणाले. आता नऊ महिने झोपून राहायचं का?

झोपून राहायची गरज नाही. वारेची कड गर्भाशयाच्या तोंडापासून २ सेंटिमीटरच्या आत असेल, तर आम्ही ‘खाली’ लिहितो. पुढे गर्भाशयाचा खालचा भाग वाढतो, तशी बहुतेक जणींची वार तोंडापासून दूर जाते. ३२ व्या आठवड्यात पुन्हा बघायचं. मधल्या काळात अंगावरून रक्त गेलं, थोडं असलं तरी, त्याच दिवशी दवाखान्यात जा.

एक अपवाद आहे. आधी सिझेरियन झालेलं असेल आणि वार खाली, पुढच्या बाजूला, जुन्या व्रणावर असेल, तर ती गर्भाशयात खोल रुतलेली असू शकते. अशा प्रसूतीत खूप रक्त जाऊ शकतं. तिथे ३२ व्या आठवड्याची वाट न बघता तज्ज्ञांना दाखवा, आणि रक्तपेढी असलेल्या मोठ्या रुग्णालयातच प्रसूती ठरवा.

९. ‘फीटल मेडिसिन तज्ज्ञांना दाखवा’ म्हणजे मुंबई-पुणेच? तिथे वेगळं काय करतात?

रत्नागिरीकडचे लोक कोल्हापूर, पुणे किंवा मुंबईला जातात, सिंधुदुर्गातले बरेच जण गोव्याला बांबोळीला. तिथे यंत्र चांगलं असतं हे खरं, पण मुख्य फरक माणसाचा आहे. तो तज्ज्ञ दिवसभर हेच बघतो. हृदयाची शंका असेल तर फीटल इको, म्हणजे पोटातल्या बाळाच्या फक्त हृदयाची बारकाईने सोनोग्राफी, होते, गरज पडल्यास गर्भजलाची तपासणी तिथेच होते, आणि लहान मुलांच्या सर्जनशी जन्माआधीच बोलणं होतं.

जाताना मूळ रिपोर्ट, शक्य असल्यास चित्रांची सीडी, तिसऱ्या महिन्यातली सोनोग्राफी, रक्ताचे अहवाल आणि ओळखपत्र न्या. जुलै-ऑगस्टमध्ये अपॉइंटमेंट घेताना आंबा किंवा कुंभार्ली घाट चालू आहे ना याची त्या सकाळी चौकशी करा. रेल्वेने मुंबईला जाणार असाल तर एक दिवस हाताशी ठेवा. दरड कोसळून गाडी अडली आणि हातातली तारीख गेली, असं माझ्या दोन पेशंटचं झालेलं आहे.

१०. उपाशी यायचं का? पाणी भरपूर पिऊन?

जेवून या. तांब्याभर पाणी पिऊन लघवी रोखून धरायची या महिन्यात गरज नसते.

११. सगळं नॉर्मल आलं. म्हणजे बाळ शंभर टक्के निरोगी?

तसं लिहून देणारा माणूस चूक करतोय. काही गोष्टी या वयात असतच नाहीत, त्या नंतर उमटतात: आतड्यातले काही अडथळे, ठेंगणेपणाचा एक प्रकार, डोक्याची वाढ थांबणं. काही गोष्टी सोनोग्राफीला दिसत नाहीत: ऐकू येणं, नजर, बुद्धी, रक्तातले आजार. हृदयाच्या पडद्यातलं बारीक छिद्र, फक्त टाळूची फट, गुदद्वाराचा दोष हेही सुटू शकतात. आणि वर सांगितलेली ती दोन वाहिन्यांमधली वाट (प्रश्न ३) पोटात सगळ्याच बाळांची उघडी असते. ती पुढे मिटेल की नाही, हे आधी सांगता येत नाही. म्हणून आठव्या महिन्यातली सोनोग्राफी आणि जन्मानंतर बालरोगतज्ज्ञांची तपासणी ही वेगळी कामं आहेत.

१२. ग्रहणात विळीवर मासे कापले होते. ओठाची फट त्यामुळेच का?

नाही. ओठ जुळतो तो दुसऱ्या महिन्यात, सातव्या आठवड्याच्या आसपास, म्हणजे पुष्कळ जणींना दिवस गेल्याचं नुकतंच कळलेलं असतं तेव्हा. त्या घडणीत ग्रहणाचा किंवा विळीचा काही संबंध नाही. ही गोष्ट मी आईला नव्हे, सोबत आलेल्या सगळ्यांना बसवून सांगते, कारण घरी गेल्यावर बोल तिलाच लागतात. फक्त ओठाची फट असेल तर शस्त्रक्रियेने चांगली भरून येते. आम्हाला तज्ज्ञांकडे पाठवावं लागतं ते हिरडी-टाळूपर्यंत ती गेली आहे का आणि सोबत आणखी काही आहे का, हे बघायला.

१३. बाकी सगळं दिसतं, मग मुलगा की मुलगी तेवढं का सांगत नाही?

१९९४ च्या कायद्याने ते सांगणं गुन्हा आहे, खुणेनेसुद्धा. विचारूही नका. ओळखपत्र आणि फॉर्म एफवरची तुमची सही याच कायद्यासाठी लागते.

१४. मला २३ वा आठवडा लागला आणि अजून ही सोनोग्राफी झालीच नाही. आता उपयोग आहे का?

आहे. आजच करा. प्रसूती कुठे करायची, जन्मल्यावर काय लागेल, हे ठरवायला ती अजूनही तितकीच कामाची आहे.

गंभीर दोष सापडला तर काय, हेही अशा वेळी दबक्या आवाजात विचारलं जातं. २०२१ च्या सुधारणेनंतर, बाळात गंभीर व्यंग असेल तर २० ते २४ आठवड्यांमध्ये दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपाताची परवानगी आहे. २४ आठवड्यांनंतर तो निर्णय मेडिकल बोर्डाकडे जातो. गर्भ ठेवायचा की नाही हे तुम्ही ठरवायचं, आणि ‘२० आठवडे उलटले, आता काहीच होणार नाही’ हे वाक्य कुणी सांगितलं तर ते जुनं झालं आहे हे लक्षात ठेवा.

गर्भ ठेवायचा ठरला, तर जिल्हा रुग्णालयातल्या लवकर निदान व उपचार केंद्रात आधीच जाऊन या. हृदयाचे जन्मजात दोष, ओठ-टाळूची फट, वाकडी पावलं, पाठीच्या कण्याची फट हे सगळं शासनाच्या बालस्वास्थ्य कार्यक्रमात येतं. बाळ जन्मल्यावर कागद शोधत फिरण्यापेक्षा, सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन तिथल्या माणसाची ओळख आठव्या महिन्यातच करून ठेवलेली बरी.